ऑनर कोडवर सही घेतली की कॉपी कमी होते का?

प्रश्न: आमच्या कॉलेजात पुढच्या सेमिस्टरपासून ऑनर कोड, म्हणजे कॉपी करणार नाही असा मुलांनी लेखी शब्द द्यायचा नियम, आणायचं चाललंय. प्रवेशाच्या वेळीच सगळ्यांकडून सही घ्यायची. मुळात मुलं कॉपी का करतात आणि अशा सहीने खरंच काही फरक पडतो का?

नुसत्या सहीने जवळपास काहीच होत नाही. ऑनर कोडने काही ठिकाणी फरक पडलेला आहे, पण तो कागदामुळे नाही, कागदाच्या मागे त्या कॉलेजने जे उभं केलं त्यामुळे. मी बरीच वर्षं शिकवतोय आणि कॉपीची प्रकरणं ऐकणाऱ्या समितीवरही बसलोय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी 'का'. समितीसमोर येणारं पोरगं बहुतेक वेळा बदमाश नसतं. त्याला कॉपी वाईट हे माहीत असतं, विचारलं तर तोच तुम्हाला छान भाषण देईल. फक्त त्याच्या डोक्यात त्या दिवशीची कॉपी ही 'तसली' कॉपी नसते. सरांनी हा भाग शिकवलाच नव्हता, एकाच आठवड्यात तीन सबमिशन होती, मी फक्त उत्तर ताडून बघितलं, आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं म्हणजे "सगळेच करतात सर". समाजशास्त्रात याला एक जुनी मांडणी आहे, साइक्स आणि मात्झा या दोघांची, १९५७ सालची. ती बालगुन्हेगारांबद्दल होती, की ही मुलं नियम नाकारत नाहीत, नियम मान्य करून स्वतःपुरती सूट काढतात. पुढे संशोधकांनी तीच मांडणी कॉलेजातल्या कॉपीला लावून बघितली आणि ती चपखल बसली. म्हणून नीतिमत्तेवर लेक्चर देऊन काही हाती लागत नाही, जे त्याला आधीच पटलंय तेच तुम्ही परत पटवत बसता.

आता "सगळेच करतात" हे वाक्य नुसता बहाणा म्हणून सोडून देऊ नका, कारण या विषयातला सगळ्यात पक्का निष्कर्ष तिथेच आहे. अमेरिकेत विल्यम बॉवर्सने १९६४ मध्ये ९९ कॉलेजांतल्या पाच हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला, त्यात साधारण चारातल्या तिघांनी कधी ना कधी काहीतरी गडबड केल्याचं कबूल केलं होतं. म्हणजे "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं. मग डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी ३१ कॉलेजांतल्या सहा हजारांवर मुलांना विचारलं, ते १९९३ मध्ये आलं. त्यांनी बऱ्याच गोष्टी एकत्र तपासल्या, पकडलं जाण्याची भीती, शिक्षा किती कडक, नियम नीट कळलेत का, कोणी तक्रार करेल असं वाटतं का, आणि बाकीची मुलं काय करतात असं वाटतं. यातलं शेवटचं सगळ्यात जड निघालं. आजूबाजूचे कॉपी करताना दिसतात असं ज्याला वाटतं तो स्वतः करायची शक्यता सगळ्यात जास्त. आणि हे नुसतं बघून शिकणं नाहीये, त्यात नुकसानीचा हिशोबपण आहे. बाकीचे करतायत आणि मी नाही केलं तर ग्रेडच्या रांगेत मी मागे पडणार, मग प्रामाणिक राहणं म्हणजे स्वतःच्या खिशातून दंड भरणं असं त्या मुलाला वाटायला लागतं.

दुसरं कारण जरा कमी बोललं जातं ते म्हणजे आपलेच गोंधळलेले नियम. याचं गाजलेलं उदाहरण हार्वर्डचं आहे, २०१२ मधलं. अमेरिकन काँग्रेसवरचा एक प्रास्ताविक कोर्स होता, वर्गात २७९ मुलं, आणि फायनल परीक्षा घरी नेऊन लिहायची. सूचनेत लिहिलेलं की पुस्तक उघडा, नोट्स उघडा, इंटरनेट उघडा, पण दुसऱ्या कोणाशी चर्चा करू नका. पेपर तपासताना बऱ्याच उत्तरांत सारखीच वाक्यरचना आणि सारख्याच विचित्र चुका दिसायला लागल्या आणि जवळपास १२५ मुलं चौकशीत आली. त्यांतल्या साधारण निम्म्याहून जास्त मुलांना काही काळासाठी कॉलेज सोडावं लागलं. बऱ्याच मुलांचं म्हणणं असं होतं की सेमिस्टरभर आम्ही नोट्स एकमेकांना देत होतो, टीचिंग असिस्टंटकडे जाऊन प्रश्नांचा अर्थ विचारत होतो, मग परीक्षेत नेमकी रेघ कुठे होती? मी त्यांची बाजू घेत नाहीये, चर्चा करू नका हे स्वच्छ लिहिलेलं होतं. पण सगळं जग उघडं ठेवायचं आणि एकच दार बंद म्हणून सांगायचं, तेही जिथे कोणी बघायला नाही, अशा पेपरमध्ये हेच होणार. हार्वर्डमध्ये ऑनर कोडचा विचार या प्रकरणाआधीपासून चालू होता, पण तो मंजूर झाला २०१४ मध्ये आणि लागू झाला २०१५ पासून.

आता ऑनर कोड म्हणजे नेमकं काय, कारण तुमच्याकडे जे आणतायत ते बहुतेक त्यातला एक चतुर्थांश आहे. जुन्या अर्थाने याचे चार भाग असतात. एक, प्रत्येक पेपरवर लिहून द्यायची प्रतिज्ञा. दोन, परीक्षेला सुपरव्हायझर नसणं. तीन, प्रकरण ऐकणारं मंडळ विद्यार्थ्यांचं असणं. आणि चार, काही ठिकाणी, दुसऱ्याला कॉपी करताना बघितलं तर ते सांगायची जबाबदारी. व्हर्जिनिया विद्यापीठात हे १८४२ मध्ये सुरू झालं, तेही कशावरून तर १८४० मध्ये तिथल्या एका प्राध्यापकाला दंगा करणाऱ्या विद्यार्थ्याने गोळी घातली होती, मास्तर आणि मुलं यांच्यातलं नातं पार तुटलेलं, त्या पार्श्वभूमीवर विश्वास परत बसवायचा म्हणून. म्हणजे तो मुळात एक सौदा होता. आम्ही तुमच्या मानेवर बसत नाही, बदल्यात तुमच्यातल्या लबाडांना तुम्ही बघा. मुलांना त्यातून खरोखर काहीतरी मिळत होतं, हे लक्षात ठेवा. तुमच्या सहीच्या कागदात मुलांना काय मिळतंय? सुपरव्हिजन तशीच, समिती मास्तरांचीच, शिक्षा तीच, वर एक फॉर्म. प्रवेशाच्या दिवशी फीची पावती, आयकार्डचा फोटो, अँटी रॅगिंगचं हमीपत्र या गठ्ठ्यात तो फॉर्म जातो आणि पोरं न वाचता सही ठोकतात.

फरक पडतो का, तर मॅकेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून पुढे अनेक सर्व्हे केले आणि त्यात ऑनर कोड असलेल्या कॉलेजांत कॉपीची कबुली सातत्याने कमी आली. शून्य नाही, कमी. हे खरं आहे, पण यावर लगेच उड्या मारू नका. पहिली गोष्ट म्हणजे हे सगळं मुलांनी स्वतः सांगितलेलं आहे, आणि जिथे इमानदारीचा एवढा गाजावाजा आहे तिथे कबूल करायला जीभ जास्त अडखळणार. दुसरं, जुनी कोडवाली कॉलेजं बरीचशी लहान, खाजगी, मुलं तिथेच राहणारी, एकमेकांना ओळखणारी. कोडमुळे कॉपी कमी, की कॉलेजं अशी असल्यामुळे कोडही टिकला आणि कॉपीही कमी राहिली, हे नुसत्या सर्व्हेवरून सुटत नाही. मॅकेबलासुद्धा पुढे दिसलं की कागदावर कोड असून कॉपी भरपूर असलेली कॉलेजं आहेत आणि कोड नसून कमी असलेलीही आहेत, आणि दोन्हींत मुलांच्या डोक्यातलं "इथे काय चालतं" हेच ठरवतं.

मग नुसत्या सहीचं काय, यावर वेगळे प्रयोग झाले आणि ती गोष्ट जरा सांगण्यासारखी आहे. २००८ मध्ये मझार, आमिर आणि एरिअली यांचा पेपर आला, की चाचणीआधी माणसाला नीतीची आठवण करून दिली, म्हणजे ऑनर कोडवर सही घेतली किंवा बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला लावल्या, तर खोटे गुण सांगणं कमी होतं. जगभर गाजलं, कॉलेजांनी उचललं. २०१८ मध्ये दहा आज्ञांचा प्रयोग अनेक प्रयोगशाळांनी मिळून, पद्धत आधी जाहीर करून परत केला, परिणाम दिसला नाही. दरम्यान २०१२ मध्ये दुसरा एक पेपर आला होता की फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली तर लोक खरं लिहितात. तो २०२० मध्ये मूळ लेखकांनीच परत करून बघितला, जमला नाही, आणि २०२१ मध्ये त्यातल्या एका प्रयोगाचा डेटाच बनावट असल्याचं बाहेर आलं आणि पेपर मागे घेतला गेला. अप्रामाणिकपणावरच्या अभ्यासात बनावट डेटा, यावर मी काय बोलू. पण आजही कुठल्या तरी कार्यशाळेत कोणीतरी स्लाइड दाखवतो की सही वर घ्या म्हणजे मुलं सुधारतात, तेव्हा हे विचारा.

ऑनलाइन परीक्षांचं तर अजून स्पष्ट आहे. २०११ मध्ये लोशियाव्हो आणि शाट्झ यांनी मुलांना क्विझआधी प्रतिज्ञा द्यायला लावली. पूर्ण ऑनलाइन वर्गात काहीही फरक पडला नाही, पण जिथे मास्तर आणि मुलं प्रत्यक्ष भेटत होती तिथे थोडा पडला. २०१५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ऑनलाइन परीक्षेआधी ऑनर कोडपेक्षा सरळ कडक शब्दांतली ताकीद जास्त चालली. मला यात आश्चर्य वाटत नाही. ज्याला तुम्ही कधी बघितलं नाही त्याला दिलेला शब्द मोडताना कोणाला काय वाटणार.

आता मला सगळ्यात उपयोगाचा वाटणारा अभ्यास. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट आणि मिंग-जेन लिन यांच्याकडे अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठातल्या प्राध्यापकाची शंका आली, की मिडटर्मला कॉपी झालीय. मोठा वर्ग, बहुपर्यायी प्रश्न, मुलं हवी तिथे बसलेली. यांनी शेजारी बसलेल्या जोड्यांची चुकीची उत्तरं जुळतात का ते बघितलं, आणि लांब बसलेल्या जोड्यांशी तुलना केली. बरोबर उत्तरं जुळण्यात काही नाही, दोघांनी अभ्यास केला असेल. चुकीचं उत्तर तेच असणं बोलतं. त्यांच्या हिशोबाने दहा टक्क्यांच्या वर मुलांनी कॉपी केलेली. फायनलला त्यांनी दोन गोष्टी केल्या, कोण कुठे बसणार ते चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं आणि सुपरव्हायझर वाढवले. कॉपीचा मागमूस जवळपास नाहीसा झाला. ना सही, ना प्रतिज्ञा, ना भाषण.

हा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता, पण त्यात एक खड्डा आहे म्हणून आकडे घालून दाखवतो. समजा चार पर्यायांचे प्रश्न, दोन मुलं, आठ प्रश्न असे की दोघांचेही चुकलेत, आणि आठही ठिकाणी चुकीचा पर्याय तोच. तीन चुकीचे पर्याय सारखेच आकर्षक धरले तर एका प्रश्नात जुळायची शक्यता एक तृतीयांश, आठही जुळायची साडेसहा हजारांत एक. वाटतं की पकडलं. पण पर्याय सारखे आकर्षक नसतात, एक फसवा पर्याय असतो ज्यावर चुकणाऱ्यांतले ६० टक्के जातात, बाकी दोघांवर वीस वीस. मग एका प्रश्नात जुळायची शक्यता ४४ टक्के होते आणि आठही जुळायची साधारण सातशेत एक. आणि शंभर मुलांच्या वर्गात जोड्या किती? ४,९५०. म्हणजे प्रत्येक जोडीत दोघांचेही चुकलेले असे आठ आठ प्रश्न असते तर निव्वळ योगायोगाने सहा-सात जोड्या अशा निघाल्या असत्या. म्हणून एका जोडीकडे बोट दाखवून समितीसमोर जाऊ नका. लांब बसलेल्या जोड्यांत असं किती होतं आणि शेजाऱ्यांत किती, एवढंच विचारा. शेजाऱ्यांत ठळकपणे जास्त असेल तर हॉलमध्ये बहुतेक कॉपी चालू आहे, मग कोणी केली हे नाही कळलं तरी पुढच्या पेपरला बैठक बदलता येते. आणि कोणावर कारवाई करायचीच असेल तर तोंडी विचारा, "हे उत्तर कसं काढलंस ते मला फळ्यावर दाखव", त्यात पाच मिनिटांत जे कळतं ते आकड्यांत कळत नाही.

शिक्षेबद्दल. कोडचे कट्टर समर्थक म्हणतात की एकच शिक्षा ठेवा, कायमचं काढून टाका, म्हणजे जरब बसेल. व्हर्जिनियात दीडशे वर्षांहून जास्त काळ हेच होतं. अशा नियमात होतं काय, की गृहपाठातल्या दोन परिच्छेदांसाठी कोणाचं आयुष्य का उधळू असं वाटून मास्तर तक्रारच करत नाहीत, बघणारा मित्र गप्प बसतो, आणि मंडळावरची मुलं दोषी म्हणायला कचरतात. शिक्षा जेवढी मोठी तेवढी ती कमी वेळा होते आणि कॉपी करणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं. शेवटी २०२२ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनीच मोठ्या बहुमताने कायमच्या हकालपट्टीऐवजी काही काळाच्या निलंबनाच्या बाजूने मत दिलं. मित्राची तक्रार करायची सक्ती तर मला मुळातच पटत नाही. वेस्ट पॉइंट या सैनिकी अकादमीच्या कोडमध्ये खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरणार नाही याच्या जोडीला असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही हे आहे, आणि तरी १९७६ मध्ये घरी नेऊन सोडवायच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या एका पेपरवरून दीडशेच्या आसपास कॅडेट बाहेर पडले. खपवून न घेण्याची शपथ घेतलेल्यांतच एवढं पसरलं.

याउलट कॅन्सस स्टेट विद्यापीठाची एक पद्धत मला शहाणपणाची वाटते. दोषी ठरलं तर गुणपत्रिकेवर साधा नापास शेरा न देता एक्सएफ ग्रेड येऊ शकते, म्हणजे अप्रामाणिकपणामुळे नापास. मुलाने त्यावरचा ठरवून दिलेला कोर्स पूर्ण केला तर त्यातला एक्स निघू शकतो. शिक्षा लहान आहे म्हणून मास्तर ती द्यायला कचरत नाहीत, आणि परत येण्याची वाट आहे म्हणून मुलगा कबूल करतो. आमच्या समितीत जेव्हा पहिल्या वेळेची शिक्षा 'त्या असाइनमेंटचे शून्य गुण आणि नोंद' एवढीच ठेवली तेव्हा तक्रारी वाढल्या. प्राचार्य हबकले, म्हणाले कॉपी वाढली की काय. कॉपी तेवढीच होती, आधी लोक ती वर्गातल्या वर्गात दाबत होते.

आणि सुपरव्हायझर नसलेल्या परीक्षेचं म्हणाल तर स्टॅनफर्डचा कोड १९२१ चा, तिथे मास्तरांनी हॉलमध्ये पहारा द्यायचाच नाही असा नियम होता. २०२३ मध्ये तिथल्या फॅकल्टी सेनेटने पहाऱ्याचा प्रयोग करून बघायला परवानगी दिली. शंभर वर्षं मुरलेल्या कोडची ही गत असेल तर नवीन कॉलेजने त्या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

तर तुमच्या कॉलेजात, कोड आणायचाच ठरलं असेल तर सहीचा कार्यक्रम प्रवेशाच्या दिवसावरून काढून टाका. त्याऐवजी प्रत्येक विषयाच्या मास्तरने पहिल्या आठवड्यात एका पानावर लिहावं की माझ्या विषयात कशाला कॉपी म्हणतात. जर्नलचं रीडिंग ग्रुपमध्ये मिळून घेतलं तर चालेल, पण ग्राफ आणि निष्कर्ष प्रत्येकाचा वेगळा. सिनिअरची जुनी फाइल वाचली तर चालेल, उतरवली तर नाही. प्रोग्रॅम मित्राला दाखवून चूक शोधली तर चालेल, फाइल पाठवली तर नाही, पाठवणाराही अडकेल. आणि हे मुलांशी बोलून ठरवा, कारण अर्धे नियम तुम्हाला सुचणारच नाहीत, त्यांना सगळ्या पळवाटा माहीत असतात. समितीवर निम्मी मुलं घ्या, मत देणारी, चहा आणणारी नव्हे. माझा अनुभव असा की मुलं मास्तरांपेक्षा कडक असतात, कारण रात्र जागून स्वतः सबमिशन करणारं पोरगं तिथे बसलेलं असतं आणि त्याला राग असतो. प्रकरणांचे निकाल नावं काढून दर सेमिस्टरला नोटीस बोर्डवर लावा, काय केलं, काय शिक्षा झाली, दोन ओळी. "सगळेच करतात आणि कोणाला काही होत नाही" या समजुतीवर थेट काम करणारी माझ्या बघण्यातली हीच एक स्वस्त गोष्ट आहे. सोबत एकाच आठवड्यात चार सबमिशन येणार नाहीत एवढं विभागांनी आपसात बघितलं तर निम्मी प्रकरणं जन्मालाच येत नाहीत, पण ते करायला मास्तरांना एकमेकांशी बोलावं लागतं आणि कोड छापणं त्यापेक्षा सोपं असतं.

वर्षाने चाललंय की नाही ते बघताना तक्रारींचा आकडा बघू नका, तो पहिल्या वर्षी वाढलाच पाहिजे. निनावी कागदावर दोनच प्रश्न विचारा, तुझ्या वर्गातली किती मुलं कॉपी करतात असं तुला वाटतं, आणि पकडलं तर काही होतं असं वाटतं का. सुरुवातीला एकदा, वर्षाच्या शेवटी एकदा. पहिल्याचं उत्तर खाली आलं नसेल तर कोड फाइलमध्येच पडून आहे.